हातउसने मागणाऱ्या मित्राला नकार देताना

प्रश्न: माझा कॉलेजपासूनचा मित्र कराडला कपड्यांचे दुकान चालवतो. दिवाळीचा माल भरण्यासाठी त्याने माझ्याकडे ३ लाख रुपये चार महिन्यांसाठी हातउसने मागितले आहेत. जानेवारीत आमच्या फ्लॅटचा करारनामा आहे, त्यामुळे पत्नीची आणि माझी, दोघांचीही पैसे देण्याची इच्छा नाही. पण बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी हाच मित्र सहा रात्री दवाखान्यात बसला होता. चार दिवसांपूर्वी मी त्याला फक्त "बघतो" एवढेच म्हणालो आहे. मैत्री न तुटता नाही कसे म्हणावे?

उत्तर:

आज रात्रीच फोन करा. दुकान बंद करून तो घरी पोहोचला असेल अशा वेळी, साडेनऊ-दहाच्या सुमारास, त्याला फोन लावा आणि पैसे देता येणार नाहीत असे सांगा. शब्द कसे असावेत ते पुढे सांगतेच, पण घाई का करायची हे आधी सांगणे मला अधिक आवश्यक वाटते. तुमच्या दृष्टीने तुम्ही अजून उत्तर दिलेले नाही. तुमच्या मित्राच्या दृष्टीने मात्र "बघतो" हा बहुधा अर्धा होकार आहे, आणि त्या अर्ध्या होकाराच्या भरवशावर त्याने व्यापाऱ्याला काही शब्द दिलेला असण्याची शक्यता आहे.

मी एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या कर्ज आणि वसुली विभागात २६ वर्षे काम केले, आणि निवृत्तीनंतर कर्जात अडकलेल्या कुटुंबांना हिशेब मांडून देण्याचे काम करते. या कामात तुटलेल्या मैत्र्या पुष्कळ पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांशी बोलल्यावर माझे असे मत झाले आहे की, वेळेवर आणि सरळ मिळालेला नकार माणूस काही दिवसांत पचवतो. त्याच्या मनात राहते ते ताटकळत ठेवले जाणे, आणि आपल्या सगळ्या अडचणी उघड करायला लावून मग परत पाठवले जाणे.

एक प्रसंग सांगते. इलेक्ट्रिकल सामानाचे दुकान असलेल्या एका गृहस्थांनी आपल्या वर्गमित्राकडे, एका हायस्कूल शिक्षकांकडे, २ लाख रुपये मागितले होते. शिक्षकांना द्यायचे नव्हते, पण तोंडावर नाही म्हणवेना. ते म्हणाले, "बघतो, आमच्या सोसायटीत अर्ज टाकून पाहतो." अर्ज त्यांनी टाकलाच नाही, आठ-दहा दिवस गेले की मित्र दुसरीकडून सोय करेल आणि विषय आपोआप मिटेल, असे त्यांना वाटत होते. इकडे दुकानदाराने शिक्षकाच्या सोसायटीचे कर्ज लवकर मंजूर होते हे ठाऊक असल्यामुळे घाऊक व्यापाऱ्याला महिन्याच्या १० तारखेचा चेक देऊन माल उचलला. ९ तारखेला संध्याकाळी शिक्षकांचा फोन आला की, या वेळी जमणार नाही. चेक परत गेला. ते गृहस्थ सोनेतारण कर्जासाठी माझ्या टेबलासमोर आले तेव्हा त्यांनी खिशातून बँकेचा मेमो काढून माझ्यापुढे ठेवला. चार घड्या घातलेला तो कागद इतक्या वेळा उघडून वाचलेला होता की, घडीवर फाटायला आला होता. ते म्हणाले, "नाही म्हणाला याचा राग नाही, मॅडम. आठ दिवस आधी म्हणाला असता तर हेच सोनं तेव्हा ठेवलं असतं." त्यांनी व्यापाऱ्याचे पैसे त्याच आठवड्यात चुकते केले, पण त्या व्यापाऱ्याने त्यांना पुढे उधारीवर माल दिला नाही. शिक्षकांशी त्यांचे बोलणे बंद झाले ते मी निवृत्त होईपर्यंत बंदच होते. शिक्षकही वाईट माणूस नव्हते. मित्राला दुखवू नये या एकाच इच्छेपोटी त्यांनी त्याला सर्वांत महाग पडेल असे उत्तर दिले होते.

तुमचे चार दिवस झाले आहेत. दिवाळीच्या मालाला वेळापत्रक असते: सुरतेहून किंवा उल्हासनगरहून माल निघायचा, दुकानात लागायचा, नवरात्रापासून गिऱ्हाईक सुरू व्हायचे. त्यामुळे आजचा नकार आणि पुढच्या आठवड्यातला नकार यांत त्याच्यासाठी फार मोठे अंतर आहे.

आता फोनविषयी. व्हॉट्सॲपवर लिहून कळवू नका. लिहिलेला नकार माणूस पुन्हा पुन्हा वाचतो, दर वाचनाला तो अधिक कोरडा वाटू लागतो, आणि तोच मोबाइल घरातली इतर माणसेही हातात घेतात. दुकानात गिऱ्हाईक उभे असताना फोन करू नका, कारण तिथे त्याला नोकरांसमोर हसून "बरं बरं" म्हणावे लागेल आणि खरे काय वाटले ते आतच राहील. फोन केल्यावर आधी पंधरा मिनिटे मुलांची, पावसाची आणि जुन्या मित्रांची चौकशी करून मग मुद्द्यावर येण्याची आपल्याकडे रीत आहे. या एका फोनसाठी ती मोडा. अशा गप्पांनंतर नकार आला की, त्या गप्पाही नकाराची तयारी होत्या असे वाटू लागते. पहिल्याच वाक्यात विषय काढा. साधारण असे बोलता येईल:

"अरे, तू पैशांचं बोलला होतास त्यासाठी फोन केलाय. चार दिवस नुसतं 'बघतो' म्हणून तुला अडकवून ठेवलं, ते माझं चुकलं. मला ते पैसे देता येणार नाहीत. फ्लॅटसाठी जे बाजूला काढलंय त्याला हात लावायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तुला दुसरीकडची तजवीज आजच सुरू करता यावी म्हणून लगेच सांगतोय."

एवढे बोलून थांबा. पलीकडे काही क्षण शांतता असेल, आणि ती भरून काढण्याचा मोह तुम्हाला होईल. त्या मोहापायी माणसे "पुढच्या वर्षी नक्की" किंवा "थोडेसे पाहतो" असे काहीतरी बोलून जातात आणि सगळे पुन्हा पहिल्या जागी येते. त्याला बोलू द्या.

या पाच-सहा वाक्यांतील प्रत्येक गोष्ट विचार करून ठेवलेली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे नकार आधी आला आहे आणि कारण नंतर, तेही एकाच वाक्यात. कारण आधी सांगितले की, ते अडचणीसारखे ऐकू येते, आणि अडचण ऐकली की, ती सोडवायला पुढे येणे हा मित्राचा स्वभावच असतो. "जानेवारीत करारनामा आहे" असे म्हणालात की, तो म्हणेल, "अरे, मी डिसेंबरातच देतो की." तुमचे कारण खरे असूनही त्याला उत्तर आहे. "ठरवलंय" या शब्दाला उत्तर नसते. म्हणून कारण केवळ माहिती म्हणून सांगावे, नकाराचा सगळा भार त्याच्यावर ठेवू नये.

खोटे कारण तर अजिबात सांगू नका. "पैसे एफडीत अडकलेत" हे कारण मी इतक्यांदा ऐकले आहे की, त्याचे पुढे काय होते ते पाठ झाले आहे. मित्र म्हणतो, "मोड की, व्याज बुडेल ते मी भरतो," आणि तो चुकीचे काही बोलत नसतो. मुदतीपूर्वी ठेव मोडली तर व्याज थोडे कमी मिळते, आणि मोडायची नसेल तर ठेवीवर कर्जही मिळते. ही गोष्ट दुकान चालवणाऱ्या माणसाला तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक असते. मग दुसरे खोटे बोलावे लागते. "पैसेच नाहीत" हे त्याहून धोक्याचे, कारण काही महिन्यांनी तुमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तुम्ही त्यालाच बोलावणार आहात.

दुसरी गोष्ट "आम्ही दोघांनी" या शब्दांची. "माझी काही हरकत नव्हती रे, पण ही नको म्हणते," असे सांगून पुष्कळ पुरुष आपली सुटका करून घेतात. त्या क्षणी मैत्री वाचल्यासारखी वाटते खरी, पण त्या दिवसापासून तुमची पत्नी त्या घरात कायमची अपराधी ठरते. मित्राच्या पत्नीला ते त्याच रात्री कळते, आणि पुढे हळदीकुंकू असो, बारसे असो, दोन्ही घरांतल्या बायकांमध्ये एक गाठ पडून राहते, जिचे कारण तुमच्या पत्नीला कधी कळतही नाही. निर्णय दोघांचा आहे, तर तो दोघांचा म्हणूनच सांगावा.

तिसरी गोष्ट या बोलण्यात नाही, आणि ती नसणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तुम्ही त्याला काहीही विचारलेले नाही. नकार द्यायचे मनाशी पक्के असताना "पण एवढे कशाला हवेत? उधारी किती अडकली आहे? बँकेत का जात नाहीस? गेल्या वर्षीचे कर्ज फिटले का?" असे विचारत बसणे क्रूरपणाचे आहे. प्रश्न आले की, मागणाऱ्याला वाटते की हा माणूस देण्याचा विचार करतो आहे. म्हणून तो एरवी कुणाला न सांगितलेल्या गोष्टी सांगतो, दागिने कुठे आहेत ते सांगतो, भावाने हात कसा वर केला ते सांगतो. आणि ते सगळे ऐकून घेतल्यावर तुम्ही नाही म्हणता. कर्जमागणीच्या अर्जावर आम्ही हेच प्रश्न विचारत असू, पण तिथे समोरच्याला आपण कुठे आलो आहोत हे माहीत असते आणि तो त्या तयारीने आलेला असतो. मित्रासमोर तो तसा आलेला नसतो. चौकशी करायचीच असेल तर नकारानंतर करा, म्हणजे त्याला कळेल की, ती पैशांसाठी नसून त्याच्यासाठी आहे.

तो काय म्हणेल याचाही अंदाज देते. "डिसेंबरात परत देतो" यावर एकदाच आणि शांतपणे सांगा: "तू देशील याबद्दल मला शंका नाही. पण समजा सीझन हलका गेला, तर तुला मला फोन करायला अवघड वाटेल आणि मला तुला. ते मला नको आहे." हे वाक्य त्याला पटेलच असे नाही, पण ते खरे आहे. हातउसने दिलेल्या पैशांत हप्ता नसतो, तारीख सैल असते, आणि त्यामुळे आठवण कुणी, कधी, कोणत्या शब्दांत करायची याचा कुठलाही नियम नसतो. देणारा फोन करतो तो सहज केला तरी घेणाऱ्याला तो तगादा वाटतो. "३ नाही तर निदान १ तरी दे" असे म्हणाला तर रकमेची घासाघीस सुरू करू नका. एकदा १ लाखाला हो म्हटले की, पहिला नकार हा खरा नकार नव्हता हे सिद्ध होते, आणि मग १ लाख मिळूनही २ लाख न दिल्याची खंत त्याच्या मनात राहते. "रकमेचा प्रश्न नाही रे, उसने देणं-घेणं आपल्यात नको," एवढेच म्हणा.

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती," हे वाक्य आले तर स्वतःचा बचाव करू नका. "तुला वाईट वाटणं साहजिक आहे," असे म्हणून ऐकून घ्या. त्याला रागवायचा हक्क द्यावा; तो त्या रात्री रागावला तर पुढच्या महिन्यात तुमच्याशी बोलेल. जो लगेच "अरे ठीक आहे, काही नाही" म्हणून फोन ठेवतो, त्याच्याविषयी मला अधिक काळजी वाटते.

आता जामीनकीविषयी, कारण नकारानंतर दहा-पंधरा मिनिटांत किंवा दोन दिवसांनी दुसरी मागणी येते ती बहुतेक वेळा हीच असते: "पैसे नको देऊस, मी पतसंस्थेतून काढतो, तू फक्त जामीन राहा." नाही म्हटल्याच्या ओशाळलेपणात माणसाला वाटते, सही तर करायची आहे, आणि तो करून मोकळा होतो. माझ्या अनुभवात हातउसन्यांपेक्षा या सहीने अधिक घरे अडचणीत आली. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून सगळे प्रयत्न करून मगच जामीनदाराकडे यावे, असे बंधन कर्ज देणाऱ्यावर नसते. सहकारी पतसंस्थेचे कर्ज थकले तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली जो वसुली दाखला निघतो, त्यात जामीनदारांचीही नावे असतात, आणि नोकरदार जामीनदाराचा पगार ठराविक तारखेला ठराविक ठिकाणी जमा होत असल्यामुळे वसुलीला तोच सोपा सापडतो. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जामीन राहिलेले कर्ज तुमच्या पत अहवालात दिसते, आणि फ्लॅटसाठी गृहकर्ज घ्यायला जाल तेव्हा बँक तुमची पात्रता ठरवताना त्याचा विचार करू शकते. म्हणून या मागणीला तेच उत्तर द्या: "जामीनही नाही राहता येणार." तुमच्या नावावर हप्त्याने माल घेणे किंवा तुमचे क्रेडिट कार्ड वापरायला मागणे, यांनाही तेच उत्तर.

इथपर्यंत नकार झाला. पण तुमच्या प्रश्नातली खरी टोचणी त्या सहा रात्रींची आहे, आणि तिला बगल देऊन चालणार नाही. त्या रात्री तो कर्ज म्हणून बसला नव्हता, आणि आज तुम्ही ३ लाख दिलेत तरी त्या फिटणार नाहीत. तो जर रागाच्या भरात म्हणालाच की, "बाबांच्या वेळी मी विचार केला नव्हता," तर "ते मी विसरलेलो नाही" एवढेच म्हणा. "त्याची परतफेड मी करीन" असे चुकूनही म्हणू नका, कारण त्याने जे आपलेपणाने केले त्याचा हिशेब तुम्ही मांडता आहात असा त्याचा अर्थ होतो. त्याने तुम्हाला स्वतःचा वेळ आणि झोप दिली होती. तुमच्याकडे देण्यासारखे जे आहे तेही त्याच जातीचे आहे, आणि ते तुम्ही भरपूर द्यावे.

ते कसे, हे आकड्यांनिशी सांगते. चार महिन्यांसाठी ३ लाख ही दुकानाच्या दृष्टीने हंगामी खेळत्या भांडवलाची गरज आहे, आणि तिच्यासाठी मार्ग आहेत. घरात सोने असेल तर सोनेतारण हा सर्वांत जलद मार्ग. सोने तपासून, वजन करून बहुतेक वेळा त्याच दिवशी रक्कम खात्यात जमा होते. वार्षिक १० टक्के दर धरला तर ३ लाखांचे चार महिन्यांचे व्याज १०,००० रुपये होते, १२ टक्के धरला तर १२,०००. म्हणजे तुमच्याकडून बिनव्याजी पैसे मिळणे आणि सोनेतारणाने मिळणे यांत त्याच्या खिशाला पडणारा फरक एवढाच आहे. सोने ठेवायचे नसेल, किंवा नसेलच, तर प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या "किशोर" गटात ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी, बँकेचे खातेउतारे, मालाची कोटेशन्स असे कागद लागतात आणि कागद पूर्ण असले तरी दोन-तीन आठवडे सहज जातात. तुमचे चार दिवस किती मोलाचे होते ते यावरून लक्षात येईल.

म्हणून त्याच फोनवर, किंवा तो चिडला असेल तर दोन दिवसांनी, त्याला विचारा: "मुद्राचे कागद मी करून देऊ का? शनिवारी येतो, दोघं बसून करू." उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, पण दुकानातून उठून ती करायला त्याला फुरसत नसते, वर्षभराचे खातेउतारे लावणे, शिल्लक मालाची यादी नीट टंकणे, बँकेतल्या अधिकाऱ्यासमोर बरोबर जाऊन बसणे, हे काम तुमच्यासारख्या नोकरदार माणसाला सहज जमते. नोकरीत असताना मी पाहिलेला सर्वांत चांगला नकार असाच होता. एका कारखान्यातल्या सुपरवायझरने मित्राला चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत नाही सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्याच्याबरोबर तो आमच्या शाखेत आला. सोन्याचे वजन होत असताना तो मित्राच्या शेजारी बसून होता. मंगळसूत्राच्या वाट्या पांढऱ्या कागदावर ठेवल्या गेल्या तेव्हा मित्राने मान दुसरीकडे वळवली आणि या माणसाने काही न बोलता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने एक रुपयाही दिला नव्हता. ते दोघे कर्ज फेडून दागिने सोडवायलाही एकत्रच आले.

तुम्हाला मनापासून काही रक्कम द्यावीशी वाटत असेल, तर ती उसनी देऊ नका. त्या चार महिन्यांच्या व्याजाइतके १०-१२ हजार रुपये, जे परत आले नाहीत तरी तुमच्या फ्लॅटच्या गणितात फरक पडणार नाही, ते "हे व्याजासाठी ठेव, परत द्यायचं नाही" असे स्पष्ट म्हणून द्या. ही रक्कम पहिल्या फोनमध्ये मात्र बोलू नका. नकाराच्या पाठोपाठ आलेली छोटी रक्कम भीक घातल्यासारखी वाटते. कर्जाची सोय झाल्यावर, त्याचे मन शांत असताना दिलेली तीच रक्कम भेट वाटते. आणि पत्नीला विचारूनच द्या.

नकारानंतर जर तो स्वतःहून बोलू लागला आणि असे दिसले की, हे ३ लाख दिवाळीच्या मालासाठी नसून आधीचे देणे भागवण्यासाठी आहेत, तर वरचे सगळे गणित बदलते. याची चिन्हे ओळखू येतात: पैसे अमुकच तारखेपर्यंत हवेत असा हट्ट, मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलेल्या कर्जाचा ओझरता उल्लेख, किंवा एखाद्या खासगी सावकाराचे नाव. अशा वेळी नवे कर्ज काढायला मदत करू नका. त्याला समोर बसवून एका कागदावर कुणाचे किती, दर काय, हप्ता कधी, एवढे चार रकान्यांत लिहायला लावा. पुष्कळ लोकांनी स्वतःचे एकूण देणे कधी एकत्र पाहिलेलेच नसते. सावकाराकडे परवाना आहे का ते विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करता येते. आणि बोलण्यात जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे काही ऐकू आले, तर पैशांचा विषय तिथेच थांबवून त्याच्याकडे निघा, त्याच्या घरच्यांना सावध करा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्या. अशी वेळ क्वचित येते, पण वसुलीच्या कामात मी ती पाहिली आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पुढचे चार-सहा आठवडे नकाराच्या शब्दांइतकेच महत्त्वाचे आहेत. फोन तुम्हीच करायचा आहे. त्याला वाटत असते की, तुम्ही त्याच्याविषयी काहीतरी मत बनवले असेल, म्हणून तो टाळतो. तुम्हाला वाटते तो रागावला आहे, म्हणून तुम्ही टाळता. असे महिनाभर चालले की, दोघेही खरोखरच दूर जातात. आठवड्याच्या आत एकदा फोन करा आणि दुसऱ्याच विषयावर बोला. "जमलं का रे कुठे?" हे एकदाच विचारा, जमले नसेल तर त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागू नये. कॉलेजच्या ग्रुपमधल्या कुणालाही या मागणीविषयी बोलू नका, "बिचारा अडचणीत आहे, काहीतरी करूया" अशा चांगल्या हेतूनेही नाही. त्याने तुमच्याकडे मागितले होते, ग्रुपकडे नाही, आणि हे बाहेर फुटले तर व्यापाऱ्यांत त्याची पत जाते, जिच्यावर त्याचे दुकान चालते.

आणि दिवाळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी कराडला जा. शक्य असेल तर दिवसभर त्याच्या दुकानात उभे राहा. त्या गर्दीत घड्या घालायला आणि पिशव्या भरायला माणूस कमीच पडतो. घरातल्या सगळ्यांचे कपडे या वर्षी त्याच्याकडूनच घ्या. तो बिलातून पाच-सातशे रुपये कमी करायला जाईल, तेव्हा "सीझनचं गिऱ्हाईक आहे मी, पूर्ण लाव," असे सांगा आणि पैसे तिथल्या तिथे चुकते करा.